मखमलमियाँची ढोबळी मिरची

गिनीपिग घरात आणायचं ठरलं तेव्हा पहिला आक्षेप अम्मीनं घेतला, तोही नावावर. "पिग? या घरात?" एवढंच म्हणाली आणि तसबीह घेऊन आत निघून गेली. मी मागोमाग जाऊन समजावलं की अम्मी, हा डुकराच्या जातीचा नाही, उंदीर-खारीच्या जातीचा आहे. गिनी देशाशीही त्याचा काही संबंध नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, तिकडे त्याला 'कुई' म्हणतात आणि हजारो वर्षांपासून घरात पाळतात. (खायलाच पाळतात, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही.) अम्मीनं सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली की ते नाव या उंबऱ्याच्या आत कुणी उच्चारायचं नाही. धाकटीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवत 'मखमल' हे नाव काढलं. महिन्याभरात अम्मीच त्याला 'मखमलमियाँ' म्हणू लागली आणि दुपारी सगळे झोपले की त्याच्याशी गप्पा मारू लागली.

हे सगळं डिसेंबरातलं. गोष्ट सांगायची आहे ती मेमधली, कारण मे महिन्यात मखमलमियाँ आमच्या हातून जवळजवळ गेला होता. आणि तोही उपाशी ठेवल्यामुळे नाही, तर रोज पोटभर खाऊ घालत असताना.

हिवाळ्यात त्याचं खाणं आपोआपच चांगलं चाललं होतं, ते चांगलं का आहे हे आम्हाला माहीत नव्हतं इतकंच. मिरजेला आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट आहे. धाकटी शाळेतून आली की तिथली हिरवी हरळी मूठभर उपटून आणायची. स्वयंपाकघरातून कोथिंबिरीच्या काड्या, कोबीची वरची पानं, फ्लॉवरचा पाला यायचा. शिवाय दुकानदारानं दिलेल्या गोळ्या. त्या पिशवीवर सशाचं चित्र होतं. मी विचारलं तर तो म्हणाला, "दोघांचं खाणं एकच असतं, सर." मला ते पटलं. दोघेही गवत खातात, दोघांचे दात सारखे, मग खाणं वेगळं कशाला असेल?

एप्रिलच्या मध्यावर प्लॉटवरची हरळी वाळून पिवळी पडली. कोथिंबीर महागली आणि आमच्याकडे कमी येऊ लागली. उन्हाचा कडाका वाढला तसं मला वाटलं, बिचाऱ्याला एवढे केस, त्याला काहीतरी थंड द्यावं. म्हणून काकडी सुरू केली. साल काढून, चकत्या करून, सकाळीच कापून फ्रिजमध्ये ठेवलेली. दुपारी कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग. वाळलेलं गवत होतंच, सशाच्या गोळ्या होत्याच. त्याच दुकानातून 'व्हिटॅमिनचे थेंब' आणले होते, ते पाण्याच्या बाटलीत चार-चार टाकायचो. त्याला काकडी आवडायचीही फार. फ्रिजचं दार उघडलं की पिंजऱ्यातून शिट्टी सुरू. आपण जनावराची किती काळजी घेतो याचं मला मनातून कौतुकच वाटत होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शिट्टी बंद झाली. फ्रिज उघडला तरी तो कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेला. आधी वाटलं, उन्हानं मलूल झाला असेल, आणि ते खोटंही नव्हतं, कारण तिशीच्या वर पारा गेला की हा प्राणी हैराण होतो. कूलर त्याच्या खोलीत नेला, फरक पडला नाही. मग केस विस्कटल्यासारखे, राठ दिसू लागले. लेंड्या बारीक आणि कमी झाल्या. चालताना मागचे पाय ओढल्यासारखे टाकायचा. आणि एका संध्याकाळी धाकटीनं त्याला नेहमीसारखं पोटाखाली हात घालून उचललं तर तो असा किंचाळला की तिनं घाबरून परत खाली ठेवला. "अब्बा, मी काही नाही केलं," म्हणून ती रडायला लागली. खरंच तिनं काही केलं नव्हतं. जे केलं होतं ते मी केलं होतं.

आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर म्हशी, शेळ्या आणि कुत्री बघतात. ते भले गृहस्थ सरळ म्हणाले, "हा प्राणी मी आयुष्यात हाताळलेला नाही, उगाच प्रयोग नको," आणि त्यांनी कोल्हापूरच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत टोपलीत ओला रुमाल घालून आम्ही निघालो.

त्या बाईंनी मखमलला हात लावायच्या आधी मला विचारलं, "काय खायला घालता?" मी मोठ्या अभिमानानं यादी सांगितली. त्या लिहून घेत होत्या. काकडीवर त्यांनी विचारलं, "सालासकट?" गोळ्यांवर विचारलं, "पिशवीवर कुणाचं चित्र आहे?" थेंबांवर विचारलं, "पाण्यात की तोंडात?" मग त्यांनी हळूच त्याचा ओठ वर केला. हिरडी दातांच्या कडेला लाल, सुजलेली होती. मागचे गुडघे दोन बोटांत धरून दाखवले, दोन्ही फुगलेले. काट्यावर वजन भरलं 720 ग्रॅम. मार्चमध्ये धाकटीनं गंमत म्हणून मसाल्याच्या काट्यावर तोललं होतं तेव्हा तो 840 होता. हिशोब करून त्या म्हणाल्या, "याला स्कर्व्ही झालाय. जुन्या काळी खलाशांना व्हायचा ना, तोच."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. स्कर्व्ही मी शाळेत शिकवलेला आहे. 'क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग' ही रिकामी जागा मुलांकडून शेकडो वेळा भरून घेतली आहे. तो माझ्याच घरात, माझ्याच हातून होईल असं कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर पुढचे काही दिवस मी मिळेल ते वाचत होतो, कारण माझा प्रश्न सुटत नव्हता. बकरीला कुणी लिंबू पाजत नाही. गल्लीतली मांजर आयुष्यभर मासळीच्या डोक्यांवर जगते. तिच्या हिरड्यांतून रक्त येत नाही. मग यालाच का?

उत्तर असं आहे की बकरी, मांजर, कुत्रा, ससा, उंदीर या सगळ्यांच्या यकृतात क जीवनसत्त्व तयार होतं. कोंबडीत ते मूत्रपिंडात होतं. कच्चा माल साखरच, म्हणजे रक्तातला ग्लुकोज. त्या साखरेवर एकामागून एक प्रक्रिया होतात आणि अगदी शेवटच्या पायरीवर एक एन्झाइम लागतं. त्याचं नाव लांबलचक आहे, गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज. ते कामाला आलं की माल तयार. गिनीपिगच्या यकृतात आधीच्या पायऱ्या होतात, पण हे शेवटचं एन्झाइमच नाही. कारखाना उभा आहे, कच्चा माल येतोय, पण शेवटच्या यंत्रावरचा कारागीर नाही, म्हणून बाहेर काहीच पडत नाही.

कारागीर गेला कुठे? ते एन्झाइम बनवण्याचा नुस्खा ज्या जनुकात लिहिलेला असतो ते जनुकच मोडलेलं आहे. जपानमधल्या मोरिमित्सु निशिकिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली गिनीपिगमधलं हे मोडकं जनुक शोधून वाचलं. त्यातले काही तुकडे गायब आहेत, उरलेल्यात ठिकठिकाणी बिघाड आहेत. जुन्या वाड्याचा पाया आणि दोन भिंती उभ्या असाव्यात, पण राहायला छप्पर नसावं, तसं. आणि दोन वर्षांनी त्याच निशिकिमींनी दाखवलं की माणसातही हे जनुक असंच मोडून पडलेलं आहे. आपण आणि माकडं या बाबतीत मखमलच्याच रांगेत बसतो. फक्त त्यांचं मोडणं वेगळं आणि आपलं मोडणं वेगळं, एकमेकांशी संबंध नसताना दोन वेगळ्या काळात झालेलं.

एवढी महत्त्वाची गोष्ट मोडली तर ती जात टिकली कशी, हा पुढचा प्रश्न. याचं साधं स्पष्टीकरण त्याच्या जुन्या जेवणात आहे. गिनीपिगचे पूर्वज दिवसभर ताजं हिरवं गवत आणि पाला खाणारे. तोंडातून भरपूर क जीवनसत्त्व आत जात असताना यकृतातला कारखाना बंद पडला तरी कुणाला कळणार? जो प्राणी आंब्याच्या बागेत राहतो त्याच्या घरची पेटी रिकामी आहे हे उघड व्हायला बागेबाहेर पडावं लागतं. मखमलच्या घराण्यात ते एप्रिलमध्ये मिरजेत उघड झालं.

आणि या जीवनसत्त्वाचं काम काय, हे कळलं तेव्हा त्याच्या किंचाळण्याचा अर्थ लागला. आपल्या अंगात कोलॅजन नावाचे प्रथिनांचे धागे असतात. रक्तवाहिन्यांच्या भिंती, सांधे, हाडांवरचं आवरण, दातांना हिरडीत धरून ठेवणारी पकड, सगळं त्यांनी विणलेलं. दोरीसारखे तीन पीळ घालून हा धागा बनतो. तो पीळ घट्ट बसायला क जीवनसत्त्व लागतं. नसलं तर धागा तयार होतो, पण सैल. मग ज्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो त्या झिरपायला लागतात. सगळ्यात जास्त ताण सांध्यांवर, म्हणून आधी गुडघे. धाकटीनं उचललं तेव्हा तिच्या बोटांखाली सुजलेला, आतून रक्त झिरपलेला सांधा आला होता.

हा साठवून ठेवायचा पदार्थही नाही. पाण्यात विरघळणारा, जास्त झाला की लघवीवाटे निघून जातो. गिनीपिगच्या अंगातली शिल्लक दोन-तीन आठवड्यांत संपायला लागते. म्हणजे रविवारी भरपूर दिलं आणि आठवडाभर विसरलं, असं चालत नाही. रोज लागतं.

किती? दर किलो वजनामागे रोज किमान 10 मिलिग्रॅम धरतात. वाढत्या वयात, आजारपणात किंवा गाभण मादीला 30 पर्यंत. मखमल पाऊण-एक किलोच्या मधला. म्हणजे त्याला रोज 8 मिलिग्रॅम तरी पोचायला हवं, आणि वीसेक पोचलं तर निश्चिंत राहावं. आता माझा उन्हाळी मेनू बघा. काकडीत 100 ग्रॅममागे जेमतेम 3 मिलिग्रॅम असतं. मी देत होतो चाळीसेक ग्रॅम, तीही साल काढून, सकाळी कापून ठेवलेली. फार तर एक मिलिग्रॅम. कलिंगडाच्या पांढऱ्या भागात फारसं काही नाही. वाळलेल्या गवतातलं क जीवनसत्त्व वाळतानाच बहुतेक निघून जातं. सशाच्या गोळ्यांत ते घालतच नाहीत. घालायची गरज काय, ससा स्वतः बनवतो. म्हणजे पोट तुडुंब भरलेलं, आणि हिशोबाला दीड-दोन मिलिग्रॅम.

राहिले ते थेंब. या थेंबांचा मला सगळ्यात राग येतो, कारण त्यांच्या भरवशावर मी निर्धास्त होतो. क जीवनसत्त्व पाण्यात, उजेडात, उकाड्यात टिकत नाही. आमच्या गॅलरीतल्या पारदर्शक बाटलीत सकाळी टाकलेलं संध्याकाळपर्यंत किती उरत असेल देव जाणे. त्यातून पाण्याची चव बदलते, मग तो पाणी कमी पितो. मे महिन्यात पाणी कमी पिणं म्हणजे दुसरंच संकट. त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाण्यात घातलेलं औषध मालकाच्या समाधानासाठी असतं."

त्यांनी दिलेला उपचार अगदी साधा होता. लहान मुलांना देतात ते क जीवनसत्त्वाचे थेंब, एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅमवाले. सुई नसलेल्या बारीक सिरिंजनं अर्धा मिलिलिटर, म्हणजे 50 मिलिग्रॅम, रोज थेट तोंडात. दातांच्या समोरून नाही, गालाच्या बाजूनं, हळूहळू, नाहीतर ठसका लागतो. हे दहा दिवस. हा आजारपणातला डोस, तोही वजन बघून त्यांनी ठरवलेला. नेहमीसाठी नव्हे. शिवाय तो स्वतःहून पुरेसं खात नव्हता, आणि गिनीपिगचं आतडं रिकामं राहिलं की थांबतं, मग आजारापेक्षा तेच जीव घेतं. म्हणून गिनीपिगसाठीच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करायची आणि दर तीन-चार तासांनी सिरिंजनं भरवायची. रात्रीची पाळी अम्मीनं घेतली. तहज्जुदला ती उठतेच, म्हणाली, त्याच वेळी त्याचंही होईल.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. निघायच्या आदल्या रात्री मी घाबरून औषधांचा डबा उघडला होता. धाकटीच्या घशाच्या वेळचं अमॉक्सिसिलीन थोडं उरलं होतं. सूज आहे म्हणजे जंतू असतील, थेंबभर देऊन बघू, असं मनात आलं. का कोण जाणे, दिलं नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या लिहिता लिहिता थांबल्या. पेनिसिलीनच्या घराण्यातली औषधं तोंडातून दिली की गिनीपिगच्या आतड्यातले गवत पचवणारे जंतू मरतात आणि घातक जंतू वाढतात. त्यात तो काही दिवसांत दगावू शकतो. आपल्याला रोज चालणारं औषध त्याला विष.

तिसऱ्या दिवशी मखमलनं स्वतःहून कोथिंबिरीचं पान ओढलं. पाचव्या दिवशी उचललं तर किंचाळला नाही, कुरकुरला फक्त. आठव्या दिवशी वजन 735. त्या आधी म्हणाल्या होत्या की रक्त तपासण्यापेक्षा हाच खरा पुरावा, जीवनसत्त्व दिलं आणि आठवड्यात सुधारला तर निदान बरोबर. गुडघ्यांची सूज उतरायला मात्र तीन आठवडे लागले.

वाचताना एक मजेशीर गोष्ट हाती लागली. आपल्याला स्कर्व्हीबद्दल जे कळलं त्यातलं बरंचसं याच प्राण्याच्या जिवावर. 1907 साली नॉर्वेमध्ये ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे दोघे खलाशांच्या एका आजाराचा माग काढत होते. त्यासाठी त्यांनी गिनीपिग घेतले आणि त्यांना नुसतं धान्य आणि पाव खायला घातला. जनावरांना झाला स्कर्व्ही. कोबी किंवा लिंबाचा रस दिला की टळायचा. त्यांनी उंदीर निवडले असते तर काहीच घडलं नसतं, कारण उंदीर आपलं जीवनसत्त्व आपण बनवून मजेत राहिले असते. पुढे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांवरच सिद्ध झालं की स्कर्व्ही टाळणारा पदार्थ नेमका कोणता. तो भरपूर प्रमाणात हवा होता, आणि सेगेद हे पाप्रिकाचं गाव. मिरचीतून त्यांनी तो किलोंनी काढला. 1937 साली त्यांना नोबेल मिळालं. पाप्रिका म्हणजे आपल्या ढोबळी मिरचीच्या जातीचीच.

आणि ढोबळी मिरचीच आज मखमलच्या ताटातला मुख्य पदार्थ आहे. हिरव्या ढोबळी मिरचीत 100 ग्रॅममागे साधारण 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, पिकलेल्या लाल मिरचीत त्याहून बरंच जास्त. तिखट नाही, साखर कमी. रोज 30 ग्रॅम म्हणजे मध्यम मिरचीचा चौथा-पाचवा हिस्सा, त्यातून 24 मिलिग्रॅम. त्याची दिवसाची गरज एवढ्यातच भागते. सोबत मूठभर कोथिंबीर, काड्यांसकट, तिचे पाचेक मिलिग्रॅम वर.

आता आमचा दिवस असा असतो. सकाळी उठल्यावर आधी गवत. पिंजऱ्यात त्याच्या अंगाएवढा वाळक्या गवताचा ढीग कायम असतो, तो संपला की पुन्हा. क जीवनसत्त्वासाठी त्याचा उपयोग नाही, पण दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजायला आणि आतडं चालू राहायला गवतच लागतं. पॅकेटमधलं टिमोथी गवत महाग पडतं. आम्ही ओटची वाळवलेली वैरण घेतो आणि पावसाळ्यात हरळी सावलीत वाळवतो. घास, म्हणजे लसूणघास, शेतकरी मित्र फुकट द्यायला तयार आहे, पण त्यात कॅल्शियम फार. पिलांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्या नराला रोज दिला तर मूत्राशयात खडे होण्याची भीती. तो मी हात जोडून परत केला.

भाजी दोन वेळा, सकाळी थोडी आणि मगरिबनंतर जास्त. द्यायच्या वेळीच कापायची. मिरचीची फोड, थोडी कोथिंबीर, कधी फ्लॉवरचा पाला, कधी कोबीचं एखादं पान, त्याहून जास्त कोबीनं पोट फुगतं. काकडी अजूनही देतो, उन्हाळ्यात पाणी म्हणून, पण आता तिला भाजीत मोजत नाही. आठवड्यातून दोनदा पेरूची पातळ फोड, सालासकट. पेरूत क जीवनसत्त्व मिरचीहूनही जास्त, पण साखरही आहे. आवळा सगळ्यात श्रीमंत, म्हणून फार आशेनं किसून दिला होता. त्यानं वास घेतला आणि माझ्याकडे पाठ केली. दोन-तीन तासांत उरलेली भाजी काढून टाकायची.

गोळ्या गिनीपिगच्याच, रोज एक मोठा चमचा. त्यांत जीवनसत्त्व घातलेलं असतं, पण तेही पिशवीत मरत जातं, तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत त्याचा भरवसा राहत नाही. म्हणून पाच किलोचं स्वस्त पोतं घेत नाही. लहान पिशवी, मागची तारीख वाचून, आणि डबा माळ्यावरच्या पत्र्याखाली नाही, खाली फडताळात. बाटलीत साधं पाणी, रोज बदललेलं.

पाव, टोस्ट, चपाती, शेंगदाणे, दूध पूर्ण बंद. हे अम्मीला पटवणं सगळ्यात अवघड गेलं. ती चहात बुडवलेल्या खारीचा तुकडा जाळीतून सरकवायची. "एवढ्याशानं काय होतंय?" मी होल्स्ट साहेबांच्या पाव खाणाऱ्या गिनीपिगांची गोष्ट सांगितली तेव्हा थांबली. मग मीही तिच्या बशीकडे पाहिलं. दात काढल्यापासून सकाळी चहा-खारी, दुपारी डाळ-भात, रात्री पुन्हा दूध-पाव. फळ चावत नाही म्हणून बंद, कोशिंबीर बंद. माझ्या डोक्यात तेच मोडकं जनुक घोळत होतं. दुसऱ्या दिवसापासून पेरूचा गर चाळणीतून गाळून तिच्यापुढे ठेवतो, आणि जेवणात ताज्या कोथिंबिरीची चटणी, लिंबू पिळून. "मला काय मखमलमियाँ समजतोस?" म्हणाली, पण खाते.

दर शुक्रवारी दुपारी धाकटी त्याला मसाल्याच्या काट्यावर पातेल्यात बसवून तोलते आणि वहीत लिहिते. गिनीपिग आजार लपवतो, बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, पण वजन लपत नाही. पन्नासेक ग्रॅम कमी भरलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलायचं आणि खाणं बारकाईनं बघायचं, त्याहून घसरलं तर फोन करायचा, असं ठरलं आहे. जूनच्या मध्यावर वहीत 800 आहे, जुलैअखेर 870. मधल्या एका शुक्रवारी 1210 लिहिलंय. तिथं कंसात अक्षर धाकटीचं आहे, 'पातेलं वजा करायचं राहिलं'.

सशाच्या चित्राची ती पिशवी अर्धी उरली होती. ती समोरच्या घरी दिली, त्यांच्याकडे ससा आहे. मस्त खातोय.